नोट्सवरचं नाव पुसायचं का?

*ताई, मी पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करते. एका क्लासच्या राज्यव्यवस्थेच्या पीडीएफ नोट्स चौदाशे रुपये भरून घेतल्या. प्रत्येक पानावर तिरकं माझं नाव आणि मोबाइल नंबर, मधोमध क्लासचा लोगो, तळाला कॉपीराइटची ओळ आणि ‘प्रत काढणे कायद्याने गुन्हा’ असा दम. स्क्रीनवर वाचून डोळे दुखतात म्हणून थोडी पानं प्रिंट करून आणली आणि त्याची झेरॉक्स काढली, तर करडी अक्षरं मजकुरावर चढली आणि काना-मात्राही कळेना. झेरॉक्सवाले दादा म्हणाले, “फाइल पाठवा, दीडशे रुपयांत सगळं क्लीन करून देतो.” रूममेट म्हणते, तसंच करू, दोन सेट काढू, खर्च निम्मा. पैसे मी भरलेत, वाचणार मीच. मग यात चूक काय? – एक परीक्षार्थी, सदाशिव पेठ*

आधी ते पान समोर घे आणि त्यावर मजकुराशिवाय काय काय आहे ते वेगवेगळं बघ. तू सगळ्याला मिळून वॉटरमार्क म्हणतेस, झेरॉक्सवाले दादाही ‘सगळं’ म्हणतात, पण कायदा तसं म्हणत नाही. तुझं नाव आणि नंबर ही एक गोष्ट. क्लासचा लोगो, लेखकाचं नाव आणि तळाची कॉपीराइटची ओळ ही दुसरी. आणि ‘प्रत काढणे गुन्हा’ हा दम तिसरी गोष्ट, तिच्याकडे नंतर येते.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, तेव्हा कलम ६५ब आलं. कृती कोणाची, हक्क कोणाचे, वापराच्या अटी काय, हे सांगणारी माहिती मुद्दाम आणि परवानगीशिवाय काढून टाकली किंवा बदलली, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, असं ते म्हणतं. शिवाय हक्कदाराला दिवाणी दावाही लावता येतो. आता यात काय काय मोडतं, हे कलम २ मधल्या व्याख्येत दिलेलं आहे: कृतीचं नाव, लेखकाचं नाव, हक्कदाराचं नाव-पत्ता, वापराच्या अटी आणि या सगळ्याऐवजी घातलेला एखादा क्रमांक किंवा कोड. पण त्याच व्याख्येच्या शेवटी एक अपवाद आहे, आणि नोट्स विकणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो वाचलेला असतो. वापरणारा कोण आहे हे ओळखण्यासाठी केलेली योजना या व्याख्येत येत नाही.

म्हणजे पानावर तिरकं पसरलेलं तुझं नाव आणि नंबर ही कलम ६५ब ने राखलेली माहिती नाही. तो तुझ्यावर पाळत ठेवायचा क्लासचा उपाय आहे. तो करायला त्यांना बंदी नाही, पण तू तुझ्या कागदावरचा स्वतःचा नंबर काळ्या मार्करने खोडलास, तर या कलमाखाली गुन्हा होत नाही. क्लासच्या अटींमध्ये ‘नाव-नंबर काढू नये’ असं लिहिलेलं असेल, तर तो तुझ्या आणि त्यांच्यातल्या कराराचा भाग झाला. त्यावरून ते तुझं खातं बंद करू शकतील, पुढचे भाग द्यायला नकार देतील. अट मोडणं आणि गुन्हा करणं यात अंतर आहे, एवढंच मला सांगायचं आहे.

तळाची ओळ आणि लोगो यांचं मात्र तसं नाही. ‘मी तर स्वतःपुरतंच काढतेय’ हा बचाव इथे वाटतो तितका भक्कम नाही. शेजारचं कलम ६५अ कुलूप तोडण्याबद्दल आहे, म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं तांत्रिक संरक्षण भेदण्याबद्दल. तिथे हक्क मोडण्याचा हेतू असावा लागतो, आणि कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी केलं तर चालतं, अशी सूटही स्पष्ट लिहिलेली आहे. ६५ब मध्ये माहिती काढण्याबद्दल तशी सूट लिहिलेली नाही. तिथे ‘जाणूनबुजून’ आणि ‘अधिकाराशिवाय’ एवढंच पाहिलं जातं. कलमाचा रोख नाव धुऊन माल विकणाऱ्यांवर आहे हे उघड आहे, आणि तुझ्या खोलीत येऊन कोणी पानाचा तळ तपासणार नाही हेही तितकंच उघड. पण तू ‘चूक काय’ असं विचारलंस, ‘पकडलं जाईन का’ असं नाही. म्हणून सरळ सांगते: ती ओळ आणि क्लासचं नाव राहू दे. तळाला पडलेल्या एका ओळीने तुझं वाचन कुठेही अडत नाही.

आता दादांच्या दीडशे रुपयांकडे वळू. हे ‘क्लीन’ करतात कसं? काही फाइलमध्ये वॉटरमार्क हा मजकुरापासून वेगळा घटक असतो, तो सगळ्या पानांवरून एका फटक्यात उडवता येतो. तसं नसेल तर प्रत्येक पानाचं चित्र करतात आणि ठरावीक फिकटपणाच्या वरचं सगळं पांढरं करून टाकतात. पहिल्या प्रकारात नाव, लोगो आणि तळाची ओळ बहुधा एकत्रच जातात, कारण ती एकत्रच घातलेली असतात. त्यामुळे तुझा नंबर तेवढा काढायचा आणि बाकी ठेवायचं, ही नाजूक निवड दादा करत बसणार नाहीत. दुसऱ्या प्रकारात तुझंच नुकसान. तक्त्यांमधल्या फिकट छटा आणि आकृत्यांमधल्या बारीक रेषा करड्या अक्षरांबरोबर पुसल्या जातात. राज्यव्यवस्थेच्या नोट्समध्ये केंद्रसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची वेगवेगळ्या फिकट पट्ट्यांत दिलेल्या असतील, तर छापून येईल एक सलग पांढरा तक्ता. आणि पान एकदा चित्र झालं की फाइलमध्ये शब्द शोधणं संपलं. ‘कलम ३५६’ टाइप करून त्या पानावर उडी मारता येणार नाही.

यापेक्षाही मला खटकतं ते वेगळंच. शेकडो पानांवर मेहनत करून दीडशे रुपये, हा व्यवहार दादांना परवडतो कसा? कारण काम झाल्यावर स्वच्छ फाइल त्यांच्याच कॉम्प्युटरवर राहते. उद्या कोणी काउंटरवर येऊन ‘राज्यव्यवस्थेच्या अमक्या क्लासच्या नोट्स आहेत का’ विचारलं की प्रिंट तयार. सगळे दुकानदार असं करतात असं मी म्हणत नाही. पण क्लास आणि झेरॉक्सची दुकानं ज्या पेठेत भिंतीला भिंत लावून आहेत, तिथे निनावी फाइलला भाव असतो. तुला नाव पुसलेल्या प्रतीचा उपयोग शून्य आहे. ज्याला ती पुढे न्यायची आहे, त्याच्या मात्र ती फार कामाची. उद्या तीच फाइल टेलिग्रामवर आली तर तुझं नाव त्यावर नसेल, असा दिलासा तुला वाटत असेल, पण त्याचाही भरवसा धरू नकोस. डोळ्याला दिसणारं नाव हा खरेदीदार ओळखण्याचा एकच मार्ग नाही. फाइलच्या गुणधर्मांत ऑर्डर क्रमांक असू शकतो, पानात न दिसणारी खूण असू शकते, आणि दिसणारं पुसून ते जात नाही.

मग प्रिंट काढायचीच नाही का? काढ, निर्धास्त काढ. इथे तुझ्यापेक्षा क्लासचं गृहीतक जास्त चुकलेलं आहे. कलम ५२ मध्ये कोणत्या गोष्टी केल्याने हक्कभंग होत नाही याची मोठी यादी आहे आणि तिच्यात पहिल्यानेच येतो तो खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी, संशोधन धरून, केलेला वाजवी वापर. त्याच ठिकाणी असंही स्पष्टीकरण आहे की या कारणासाठी कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवून ठेवली तर तोही हक्कभंग नाही. त्यामुळे स्वतः विकत घेतलेली फाइल फोनवर आणि टॅबवर ठेवणं, बिघाड होईल म्हणून पेनड्राइव्हवर एक प्रत काढणं, आणि अभ्यासाला कागदावर एक संच छापणं, हे सगळं माझ्या मते वाजवी वापरात बसतं. ‘वाजवी’ची व्याख्या कायद्यात नाही. न्यायालयं हेतू बघतात, किती भाग घेतला ते बघतात, आणि मूळ मालाच्या विक्रीवर काय परिणाम झाला ते बघतात. तू अख्ख्या नोट्स छापतेस, म्हणजे भाग मोठा. पण पैसे आधीच दिलेत, वाचणारी तूच, आणि या छपाईमुळे क्लासचा एकही ग्राहक कमी होत नाही. ‘प्रत काढणे कायद्याने गुन्हा’ हे वाक्य म्हणूनच कायद्यापेक्षा लांब उडी मारतं. (आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून त्यांवर स्वतःचा लोगो आणि हाच दम छापणारे क्लास मी पाहिलेत. त्यांच्या तोंडी हे वाक्य जरा गमतीचं वाटतं.) ते घाबरवण्यासाठी असतं. खऱ्या अटी खरेदीच्या वेळी आलेल्या मेलमध्ये किंवा अॅपच्या नियमांत असतात. तिथे कित्येकदा ‘स्वतःसाठी एक प्रिंट चालेल’ असं सरळ लिहिलेलं सापडतं. ते आधी वाच.

रूममेटच्या दुसऱ्या सेटपाशी मात्र मी थांबते. तुमच्या हिशेबात खर्च निम्मा होतो, क्लासच्या हिशेबात एक विक्री कमी होते, आणि न्यायालयं बघतात त्या तीन गोष्टींपैकी शेवटची इथेच फसते. तुमच्यासारखी मुलं अशा वेळी दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स दुकानाचा खटला पुढे करतात, म्हणून त्याबद्दल सांगते. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानाच्या बाजूने निकाल दिला, हे खरं. पण तिथे विद्यापीठाच्या अध्यापकांनी अभ्यासक्रमासाठी निरनिराळ्या पुस्तकांतले उतारे निवडून दिले होते आणि त्यांचे संच विद्यार्थ्यांना मिळत होते. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल, असा कलम ५२ मध्ये वेगळा अपवाद आहे, त्यावर तो निकाल उभा आहे. एका क्लासच्या संपूर्ण नोट्स दोन मैत्रिणींनी एका किमतीत घ्याव्यात, असं तो कुठेही म्हणत नाही.

तरी दोघींना एका संचावर अभ्यास करायला कुणाची हरकत नाही. सकाळी तू, संध्याकाळी ती, हे चालतं. तू वाचून स्वतःच्या शब्दांत वहीत काढलेली टिपणं तिला दिलीस तर तेही चालतं, कारण घटनेतली कलमं, दुरुस्त्यांची वर्षं, खटल्यांची नावं यांवर कुठल्याच क्लासची मालकी नसते. त्यांची मालकी असते ती त्यांच्या मांडणीवर, वाक्यांवर आणि त्यांनी स्वतः बनवलेल्या तक्त्यांवर. खरं सांगू, मुख्य परीक्षेला उपयोगी पडते ती वहीच. आणि रूममेटला स्वतःचा संच हवाच असेल, तर दोघींनी मिळून क्लासला ‘एकत्र दोन घेतल्या तर काय सूट’ हे विचारा. नवीन बॅच भरताना अशी सवलत देणारे कमी नाहीत.

आता तुझी खरी अडचण, म्हणजे छापलेलं न दिसणं. त्यासाठी काहीच पुसावं लागत नाही. काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरकडे करडा रंग नसतो. तो करड्याच्या जागी बारीक काळे ठिपके टाकतो. पहिल्या प्रिंटमध्ये ते ठिपके विरळ असतात आणि त्यांच्यावरचा काळा मजकूर ठसठशीत दिसतो. तू त्या प्रिंटची झेरॉक्स काढलीस तिथे घोटाळा झाला. झेरॉक्स मशीनने ठिपके जाड केले, ते अक्षरांना चिकटले, आणि देवनागरीत आधी जीव जातो तो अनुस्वाराचा. त्यानंतर रफार, मग उकार. ‘संघ’चा ‘सघ’ झाला की वाचणाऱ्याला अंदाजाने पुढे जावं लागतं. तेव्हा झेरॉक्स नको, फाइलमधून थेट प्रिंट काढ. दुकानातल्या Adobe Reader मध्ये प्रिंटच्या खिडकीत Advanced खाली Print As Image असा चौकोन असतो, त्यात खूण नको. ती असली तर अक्षरंही चित्र म्हणून जातात आणि कडा मऊ पडतात. टोनर वाचवायची सोयही बंद ठेवायला सांग, कारण ती करड्यासोबत अक्षरंही फिकी करते. एका कागदावर दोन पानं घ्यायची असतील तर समास कापून पान मोठं करू नका, नाहीतर तळाची ओळ नकळत उडते.

सगळं एकदम छापू नकोस. आधी तीन पानं काढ: एक नुसत्या मजकुराचं, एक तक्त्याचं, आणि एक असं की जिथे तुझं नाव नेमकं बारीक अक्षरावरून जातं. ती घरी नेऊन रात्रीच्या दिव्यात वाचून बघ. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली सगळंच बरं दिसतं. ही तीन पानं नीट वाचता आली तर तुझा प्रश्न तिथेच मिटला.

नाही आली, तर याचा अर्थ त्यांनी वॉटरमार्क मजकुराच्या मागे न घालता वरून घातलाय किंवा फार गडद ठेवलाय. हे स्क्रीनवरही ओळखता येतं. पान चारशे टक्के मोठं कर आणि तुझ्या नावाचं अक्षर जिथे मजकुराला छेदतं तिथे बघ. मजकुराचा काळा रंग तिथे अखंड असेल तर वॉटरमार्क मागे आहे. काळा रंग तिथे करडा पडला असेल तर तो वरून आहे, आणि मग दोष त्यांच्या फाइलचा आहे. वाचता न येणाऱ्या नोट्स विकल्या, एवढी साधी तक्रार आहे ती. त्यांना असं लिही:

“नमस्कार. माझा ऑर्डर क्रमांक अमुक. राज्यव्यवस्था भागाची पानं स्वतःच्या अभ्यासासाठी छापली असता वॉटरमार्क मजकुरावर येतो आणि काही ओळी वाचता येत नाहीत. सोबत पान ४२ आणि ११७ चे फोटो जोडले आहेत. कृपया वॉटरमार्क मजकुराच्या मागे किंवा समासात असलेली प्रत द्यावी. पानांवर मोबाइल नंबरऐवजी ऑर्डर क्रमांक छापला तरी माझी हरकत नाही. छापील संच उपलब्ध असल्यास फरकाची रक्कम कळवावी.”

पानांचे आकडे तुझे घाल. नंबरऐवजी ऑर्डर क्रमांक, ही मागणी वगळू नकोस. चोरी पकडायला त्यांना तो पुरतो, आणि तुझा फोन नंबर मात्र बसमध्ये, अभ्यासिकेत, दुकानाच्या रद्दीत उघडा पडत नाही. मुलींनी तर हा आग्रह धरावाच. आठवडाभर उत्तर आलं नाही तर त्याच मेलवर एकदा आठवण कर, आणि तरीही टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तोवर छापलेल्या संचावरचे नंबर मार्करने झाकायला हरकत नाही.

दुकानात जाताना फाइल त्यांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवू नकोस, ती तिथे कायमची पडून राहते आणि तिच्यावर तुझं नाव असतं. पेनड्राइव्ह ने. तुझ्या फाइलला पासवर्ड असेल तर तो तोंडी सांगू नकोस, स्वतः टाइप कर. तुझ्याच पासवर्डने तुझीच फाइल उघडणं म्हणजे कुलूप तोडणं नव्हे, तेव्हा ६५अ ची भीती नको. फाइल डेस्कटॉपवर कॉपी केली असेल तर काम झाल्यावर तुझ्यासमोर डिलीट करायला सांग, रिसायकल बिनमधूनही. दादांना राग येणार नाही, हे त्यांनी पूर्वीही ऐकलेलं असतं.

परीक्षा झाल्यावर हा संच विकायचा मोह होईल, तेव्हासाठी आत्ताच सांगून ठेवते. क्लासने छापलेलं पुस्तक तू घेतलंस आणि वाचून झाल्यावर अप्पा बळवंत चौकात निम्म्या किमतीला दिलंस, तर त्यात काही गैर नाही. ती प्रत आधीच बाजारात आलेली होती, तिचा मालक तेवढा बदलला. पीडीएफवरून तू छापलेला संच मात्र तुझ्या वैयक्तिक उपयोगापुरता तयार झालेला आहे. तो विकला की ते कारणच उरत नाही, आणि मागे राहिलेली फाइल तुझ्याकडे असतेच, म्हणजे एकाच्या दोन प्रती झाल्या. धाकट्या बहिणीला अभ्यासाला दिलास तर मी काही बोलणार नाही, मात्र फाइल तिला पाठवू नकोस. क्लासकडून छापील संच मिळत असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी तोच घे, असं माझं मत आहे. त्यावर तिरकं नाव नसतं, डोळ्यांना त्रास नसतो, आणि निकाल लागल्यावर तो विकायला तू मोकळी असतेस.